पातळ होतंय म्हणजे पोट साफ होतंय, असं नाही

सिस्टर, माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. पडून उजवा खुबा मोडला, बॉल बदलायचं ऑपरेशन झालं, त्याला १७ दिवस झाले. घरी आणल्यापासून सात दिवस संडासला झालं नाही. मी रोज रात्री इसबगोल देत होते. कालपासून डायपरमध्ये चार-पाच वेळा पातळ लागलं म्हणून केमिस्टकडून लोपरामाइड आणून एक गोळी दिली. त्यानेच एनिमाची तयार बाटलीही दिलीये. नणंद म्हणते साबणाच्या पाण्याचा दे, लगेच मोकळं होईल. त्यांना ट्रॅमाडॉल, लोह, कॅल्शियम, रक्त पातळ व्हायची गोळी आणि टेल्मिसार्टन-एच चालू आहे. क्रिएटिनिन १.६ आहे. पोट थोडं फुगलंय, उलटी नाही. एनिमा मी देऊ का? आणि कसा देऊ?

ताई, लोपरामाइडची दुसरी गोळी देऊ नका आणि एनिमाची ती बाटली आज उघडू नका. आजच घरी डॉक्टरांना बोलवा, कारण या दोन्ही गोष्टींचा निर्णय एका तपासणीवर अवलंबून आहे आणि ती तपासणी अजून झालेली नाही.

सासूबाईंच्या पोटात बहुतेक काय झालंय ते सांगते. मळ मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ थांबतो, तितकं त्यातलं पाणी आतडं शोषून घेतं. सात दिवस थांबलेला मळ गुदाशयात येऊन बसतो तेव्हा त्याचा घट्ट गोळा होतो. वॉर्डात आम्ही ‘खडा झालाय’ म्हणायचो. त्या खड्याच्या वर साचलेला पातळ भाग मग कडेकडेने वाट काढत खाली झिरपतो आणि तोच डायपरमध्ये दिसतो. घरच्यांना वाटतं जुलाब लागले. ते जुलाब थांबवायला दिलेली गोळी आतड्याची उरलीसुरली हालचालही मंद करते आणि खडा आणखी पक्का बसतो. तुम्ही गोळी दिली ती काळजीपोटी. माझ्या नोकरीच्या काळात हीच चूक मी शिकलेल्या माणसांच्या घरात कितीतरी वेळा पाहिली आहे.

हा फरक घरी ओळखायचा कसा? खऱ्या जुलाबात कळ येते, घाई होते आणि एका वेळी बरंच पडतं. खड्याच्या कडेने झिरपतं तेव्हा दर वेळी थोडंसं, चमचा-दोन चमचे लागलेलं असतं, आणि पेशंटला बऱ्याचदा ते झालेलं कळतही नाही. सासूबाईंना विचारा, ‘आई, होताना कळलं का तुम्हाला?’ नाही म्हणाल्या तर संशय बळावतो. तरी एक शंका उरतेच. ऑपरेशनच्या वेळी बहुतेकांना अँटिबायोटिक दिलेलं असतं, आणि त्यानंतर काही जणांना आतड्याच्या संसर्गामुळे खरोखरचे जुलाब लागतात. अशा जुलाबातही लोपरामाइड स्वतःच्या मनाने द्यायचं नसतं. म्हणून डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने गुदाशय तपासायला हवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण आत घट्ट मळ आहे, मऊ मळ आहे की काहीच नाही, हे त्याशिवाय कळत नाही. डॉक्टर तपासल्याशिवाय नुसतीच चिठ्ठी लिहू लागले तर तुम्ही स्वतः म्हणा, ‘डॉक्टर, एकदा पीआर करून बघता का?’ हा शब्द त्यांना लगेच कळेल.

डॉक्टर येईपर्यंत चार गोष्टींवर नजर ठेवा. उलटी झाली, पोट तट्ट फुगून दुखू लागलं, वाराही सरेनासा झाला किंवा शौचातून रक्त गेलं, तर घरी डॉक्टरांची वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटलमध्ये न्या. आतडं अडलेलं असू शकतं, आणि अडलेल्या आतड्यावर रेचक किंवा एनिमा दिला तर ते फाटूही शकतं. लघवीकडेही बघा. भरलेला गुदाशय मूत्राशयाच्या तोंडावर दाबतो आणि म्हाताऱ्या माणसांची लघवी त्यामुळेही अडू शकते. सहा-आठ तास डायपर कोरडा असेल किंवा त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता केमिस्टने दिलेल्या बाटलीबद्दल. लेबलवर ‘सोडियम फॉस्फेट’ लिहिलंय का ते बघा. आपल्याकडे तयार मिळणारा साधारण १०० मिलीचा एनिमा बहुतेक याच प्रकारचा असतो. तरुण, धडधाकट माणसाला कधीतरी एकदा दिला तर तो चांगलं काम करतो. पण त्यातलं फॉस्फेट आतड्यातून रक्तात जातं आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीचं असतं. किडनी मंद असेल, शरीरात पाणी कमी असेल किंवा एनिमा आतच अडकून राहिला, तर रक्तातलं फॉस्फेट वाढतं, कॅल्शियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१४ साली याच औषधाबद्दल इशारा दिला होता. २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घेऊ नये, आणि ५५ वर्षांपुढच्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी, शरीरातलं पाणी कमी झालेल्यांनी, लघवीच्या गोळ्या किंवा ‘सार्टन’ वर्गातल्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असं त्यात आहे. सासूबाई या यादीत तीन-चार ठिकाणी बसतात. वय ७८, किडनी मंद असल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन १.६, आणि टेल्मिसार्टन-एच या एकाच गोळीत सार्टनही आहे आणि लघवीचं औषधही. तो ‘एच’ लघवीच्या औषधाचाच. म्हणून ही बाटली त्यांच्यासाठी नाही. परत करा.

आणि नणंदेला सांगा, साबणाच्या पाण्याचा एनिमा पूर्वी आम्हीही दिला आहे, पण आता तो शक्यतो टाळतात. साबण आतड्याच्या आतल्या नाजूक त्वचेला भाजल्यासारखं करतो. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेल्या पेशंटला तर त्यातून रक्तस्रावही होऊ शकतो. नुसतं नळाचं पाणी भरपूर आणि वारंवार दिलं तर ते अंगात शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम खाली जातं. लघवीचं औषध घेणाऱ्यांचं सोडियम बऱ्याचदा आधीच काठावर असतं.

मग खडा काढायचा कसा? नियम एकच, खालची वाट आधी मोकळी करायची आणि वरून रेचक नंतर द्यायचं. दार बंद असताना मागून रेटा दिला तर पोटात मुरडा येतो, उलट्या होतात आणि खडा मात्र जागचा हलत नाही. तपासणीत मळ मऊ निघाला तर ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची कांडी, पुरते. बिसाकोडिलची कांडी मळात खुपसायची नसते, गुदाशयाच्या भिंतीला टेकवून ठेवायची असते, नाहीतर काम करत नाही. घरच्यांकडून हे हमखास चुकतं. १५ मिनिटं ते तासाभरात परिणाम दिसतो. मळ दगडासारखा असेल तर डॉक्टर बहुधा आधी मऊ करायला तेलाचा किंवा ग्लिसरीनचा छोटा एनिमा सांगतील आणि नंतर कोमट सलाइनचा. त्यानेही हललं नाही तर बोटाने थोडं थोडं फोडून काढावं लागतं. ते काम डॉक्टरांचं किंवा शिकलेल्या नर्सचं आहे. तुम्ही करायचं नाही. त्यात पेशंटची नाडी एकदम मंदावू शकते.

पहिला एनिमा नर्सकडूनच घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. पुढे कधी डॉक्टरांनी फॉस्फेट नसलेला छोटा तयार एनिमा घरी द्यायला सांगितला, तर तो कसा द्यायचा ते सविस्तर लिहिते.

पहिली अडचण त्यांच्या खुब्याची. नर्सिंगच्या पुस्तकात एनिमासाठी पेशंटला डाव्या कुशीवर वळवून वरचा, म्हणजे उजवा, गुडघा पोटाकडे घ्यायला सांगतात. डावी कूस यासाठी की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो आणि द्रव उताराने आपोआप आत जातो. पण सासूबाईंचा उजवाच खुबा बदललाय. तो पाय पोटाकडे मुडपून दुसऱ्या पायावरून पुढे टाकला तर नवा बॉल वाटीतून निसटायचा धोका असतो. म्हणून त्यांना डाव्या कुशीवर वळवताना दोन पायांच्या मध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत दोन घट्ट उशा ठेवा. वरचा पाय उशांवर सरळ, फार तर गुडघ्यात जरासा वाकलेला राहू दे. वळवायला दोन माणसं घ्या. एकाने फक्त ऑपरेशनचा पाय सांभाळायचा. कुशीवर वळवलेलं चालेल का, हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना आधी फोन करून विचारा. ते नको म्हणाले तर उताणं झोपवूनही देता येतो, फक्त वेळ जास्त लागतो.

तयारी सगळी आधीच करून ठेवा. रबरी कापड आणि त्यावर जुनी चादर, हातमोजे, जेली, भांडं, कोमट पाणी, मऊ फडकी, कचऱ्याची पिशवी. एनिमाची बंद बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात पाच-दहा मिनिटं उभी करून ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघा, गरमही लागू नये आणि गारही. गार द्रवाने पोटात कळ येते आणि तो लगेच बाहेर पडतो. गरम द्रवाने आतलं आतडं भाजतं आणि ते भाजलेलं बाहेरून दिसतसुद्धा नाही. लेबलवरचं नाव आणि तारीख मोठ्याने वाचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवा.

मग दार लावा, पंखा बंद करा, कमरेखाली लागेल तेवढंच उघडं ठेवा, बाकी अंगावर चादर राहू द्या. सुनेकडून हे करून घेताना त्या पिढीच्या बायकांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या आवळून धरतात आणि आवळलं की दुखतं. म्हणून प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा. ‘आई, आता हात लावते. आता जरा गार लागेल. तोंड उघडून श्वास सोडा.’ उगीच धीर देत बसण्यापेक्षा पुढे काय होणार हे सांगितलं की माणूस जास्त सैल होतो, हा माझा अनुभव आहे.

नोझलचं टोपण काढा, त्याला आणि गुदद्वाराच्या तोंडाला जेली लावा, बाटली जराशी दाबून नळीतली हवा काढून टाका. डाव्या हाताने वरचा नितंब उचला म्हणजे नीट दिसेल. बाहेर सुजलेला मूळव्याध, जखम किंवा रक्त दिसलं तर तिथेच थांबा. नाही दिसलं तर त्या श्वास सोडत असताना नोझल हळूच आत सरकवा, टोक बेंबीच्या दिशेने ठेवून. तयार बाटलीचं नोझल आखूडच असतं, ते पूर्ण गेलं की झालं. अडलं तर रेटू नका. जरा मागे घ्या, कोन बदला, एकदाच पुन्हा बघा. तरीही अडलं, किंवा दाबल्याबरोबर सगळा द्रव कडेने परत आला, तर नोझल खड्यावर टेकलंय असं समजा. तिथे जोर लावला की आतड्याला भोक पडतं. बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा.

वाट मोकळी असेल तर बाटली तळापासून गुंडाळत हळूहळू दाबा. मिनिटभर तरी लागू द्या. मध्येच दाब सोडू नका, नाहीतर द्रव परत बाटलीत ओढला जातो. बाटली तशीच दाबून धरून नोझल बाहेर काढा आणि दोन्ही नितंब हाताने जवळ धरून ठेवा. किती वेळ थांबायचं ते लेबलवर असतं, बहुतेक पाच-दहा मिनिटं. सासूबाई लगेच ‘येतंय येतंय’ म्हणतील. जमेल तितकं धरायला सांगा, पण हट्ट नको. देताना पोटात जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली किंवा रक्त दिसलं, तर त्या क्षणी थांबायचं.

एनिमा कधीही भांड्यावर किंवा कमोडवर बसवून देऊ नका. बसल्यावर गुदाशयाचा कोन बदलतो आणि नोझल समोरच्या भिंतीत रुतू शकतं. आणि नंतर त्यांना एकटं सोडू नका. मी नवी असताना एका आजोबांना एनिमा देऊन कमोडवर बसवलं आणि पाण्याचा मग आणायला बाहेर गेले. अर्ध्या मिनिटात परत आले तर ते भिंतीला टेकून पांढरेफटक, डोळे फिरलेले. कुंथताना नाडी मंदावते, बीपी उतरतं, आणि अशक्त माणूस बसल्या जागी कोसळतो. त्यांना आडवं करून पाय उंच केल्यावर ते शुद्धीवर आले. त्यानंतर मगासकट सगळं हाताशी घेतल्याशिवाय मी पेशंटला कधी बसवलं नाही. सासूबाई कोसळल्या तर नवा खुबाही जाईल, तेव्हा पहिल्या वेळी पलंगावरच भांडं द्या.

काय बाहेर आलं ते टाकून देण्याआधी बघा. किती, कसं, रंग कोणता, रक्त आहे का. अर्ध्या तासात काहीच आलं नाही, द्रवसुद्धा नाही, तर दुसरी बाटली देऊ नका. डॉक्टरांना कळवा. आत राहिलेला एनिमा हा नुसता वाया गेलेला एनिमा नसतो.

खडा निघाला की प्रश्न निम्माच सुटतो. ज्या कारणाने तो झाला ती गोळी रोज पोटात जातेच आहे. ट्रॅमाडॉल अफूच्या वर्गातलं औषध आहे, ते आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंद करतं. त्यात लोह आणि कॅल्शियम, दोन्ही मळ घट्ट करणारी. वर दिवसभर पलंगावर. अशा पोटाला इसबगोल चालत नाही, आणि हे मला जरा ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे इसबगोल म्हणजे निरुपद्रवी असं सगळे धरून चालतात. इसबगोल पाणी पिऊन फुगतो आणि मळाचं आकारमान वाढवतो. हिंडत्याफिरत्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला तो उत्तम. पण आतडं हलतच नसेल आणि पाणी कमी असेल, तर तो फुगलेला लगदा जागच्या जागी घट्ट होतो आणि खड्यात भर घालतो. आजपासून बंद करा.

त्यांना दोन प्रकारची औषधं एकत्र लागतील, एक मळात पाणी धरून ठेवणारं आणि एक आतडं हलवणारं. पाणी धरणाऱ्यांत लॅक्ट्युलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर येते. पावडर साधारण १७ ग्रॅम, एक ग्लास पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा. लॅक्ट्युलोज साधारण १५ मिली रात्री. लॅक्ट्युलोजने पोटात वारा धरतो, म्हणून पोट आधीच फुगलेल्या पेशंटला मी डॉक्टरांना पावडरच सुचवते. ही औषधं आज दिली आणि उद्या सकाळी झालं, असं होत नाही. एक ते तीन दिवस लागतात. तेवढ्यात ‘लागू पडलं नाही’ म्हणून डोस वाढवू नका. हलवणाऱ्यांत बिसाकोडिल किंवा सोनामुखी. रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत, म्हणजे सकाळी परिणाम होतो. बिसाकोडिलच्या गोळीवर आवरण असतं, ती कुटून देऊ नका. दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबरही नको, नाहीतर आवरण जठरातच विरघळतं आणि पोटात कळा येतात. कॅल्शियमची गोळीही बऱ्याचदा तसंच काम करते, म्हणून कॅल्शियम दुपारी आणि बिसाकोडिल रात्री ठेवा. नेमका डोस डॉक्टर ठरवतील.

दोन औषधं मात्र कोणी कितीही सुचवली तरी टाळा. मॅग्नेशियम असलेलं, मिल्क ऑफ मॅग्नेशियासारखं औषध नको, कारण मंद किडनी मॅग्नेशियम बाहेर टाकू शकत नाही. लिक्विड पॅराफिनही नको. पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते पाजताना थेंब श्वासनलिकेत गेले तर खोकलाही येत नाही आणि फुप्फुसात तेलाचा न्यूमोनिया होतो. ही दोन्ही एकाच बाटलीत असलेलं औषध आपल्याकडे घरोघरी असतं, म्हणून घरातल्या बाटलीचं लेबल वाचा. एरंडेलही नको, त्याने कळा येतात आणि पाणी जातं.

ट्रॅमाडॉल चालू आहे तोवर रेचक रोज द्यायचं, झालं नाही तरच असं नाही. दुखणं कमी झालं असेल तर ट्रॅमाडॉल कमी करून नुसत्या पॅरासिटामॉलवर येता येईल का, आणि लोह काही आठवडे थांबवता येईल का, हे सर्जनना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

पाण्याबद्दल एक विचारू का? सासूबाई मुद्दाम पाणी कमी पितात का? पलंगावरच्या बायका ‘सारखं उठवायला नको’ म्हणून घसा कोरडा ठेवतात आणि विचारलं तर ‘तहान नाही’ म्हणतात. पाणी किती चालेल हे डॉक्टरांना विचारा, किडनी आणि हृदय बघून ते सांगतील. बंधन नसेल तर दिवसभरात दीड लिटरपर्यंत, ताक, पेज, वरणाचं पाणी धरून. नुसतं ‘पाणी प्या’ म्हणू नका, थोड्या-थोड्या वेळाने भरलेली वाटी हातात द्या आणि रिकामी वाटी परत घ्या.

बसण्याची वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी ठेवा. खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. उतरायची परवानगी मिळाली की पलंगाशेजारी हाताच्या दांड्यांची कमोड-खुर्ची ठेवा. पायाखाली पाट घेऊन गुडघे उंच करा असं सगळीकडे सांगतात. तो सल्ला त्यांच्यासाठी नाही. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकता कामा नये, म्हणून खुर्ची उंच हवी, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खालीच राहिले पाहिजेत. दहा मिनिटं बसवा. झालं नाही तर उठवा, कुंथत ठेवू नका.

डायपरमध्ये लागलेलं लगेच कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. त्वचा लाल होऊन बोटाने दाबल्यावरही लालच राहत असेल तर ती बेडसोअरची सुरुवात असते.

उशाशी एक वही ठेवा. तारीख, वेळ, किती, कसं, आणि त्या दिवशी कोणतं रेचक दिलं, एवढंच लिहा. ‘कसं’ लिहायला ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केलेला सात प्रकारांचा तक्ता जगभर वापरतात. शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा कडक मळ म्हणजे एक, केळ्यासारखा मऊ आणि अखंड म्हणजे चार, नुसतं पाणी म्हणजे सात. तीन-चारच्या आसपास राहिलं पाहिजे. एक-दोन दिसू लागले की सात दिवस थांबायचं नाही. दोन दिवस झालं नाही तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली रेचकाची पुढची पायरी, तिसऱ्या दिवशी सपोझिटरी, चौथ्या दिवशी फोन, अशी पायरी डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. दिवसाला तीन वेळा पातळ होऊ लागलं तर रेचक थांबवून कळवा. पण नुसतंच थोडंथोडं झिरपत असेल आणि वहीत मागचे तीन दिवस कोरे असतील, तर ती पुन्हा आजचीच गोष्ट आहे. तेव्हा आधी बोटाची तपासणी.